सराव पाठाची वही आणि गणिताच्या जागेचा अर्ज : बेळगाव सीमाभागातल्या पी.यू. कॉलेजसाठी पत्र कसं लिहावं

एप्रिल सरत आला की आमच्या भागातल्या कॉलेजांत गणिताच्या जागेसाठी अर्ज यायला लागतात. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि बेळगावच्या आसपासच्या गावांतून येतात, तसेच पलीकडून चंदगड-गडहिंग्लजकडूनही येतात. गणित शिकवत असल्यामुळे त्यातला बराच गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. एम.एस्सी., बी.एड., गुण चांगले, अक्षरही चांगलं. पण शिकवण्याबद्दल जवळपास प्रत्येक पत्रात एकच वाक्य असतं : ‘बी.एड. अभ्यासक्रमात मी यशस्वीरीत्या सराव पाठ घेतले असून मला अध्यापनाची आवड आहे.’

सराव पाठ घेतल्याशिवाय बी.एड. पुरंच होत नाही. म्हणजे हे वाक्य सगळ्यांबद्दल खरं आहे, आणि म्हणूनच त्यातून त्या एका मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल मला काहीच कळत नाही. त्यात आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे अर्ज करणारे लक्षच देत नाहीत. सराव पाठ झालेले असतात आठवी-नववीवर आणि जागा असते अकरावी-बारावीची, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत पी.यू. फर्स्ट आणि सेकंड इयरची. नववीत चांगलं शिकवलं म्हणून लिमिट्स आणि डेरिव्हेटिव्ह शिकवता येतील असं निवड समितीनं का मानावं? पत्रानं याचं उत्तर द्यायचं असतं. नववीच्या वर्गापासून पी.यू.च्या वर्गापर्यंतचा रस्ता उमेदवारानं स्वतःच आखून दाखवायचा असतो. तो कसा आखायचा, तेवढंच या लेखात आहे.

आधी जागा कुठली ते नक्की करा

सरकारी पी.यू. कॉलेजातली कायम जागा स्पर्धा परीक्षेतून भरते, तिथं पत्र लिहून काही होत नाही. पत्र चालतं ते खासगी संस्थांच्या कॉलेजात आणि सरकारी कॉलेजातल्या अतिथी व्याख्यात्याच्या जागेसाठी. कर्नाटकात पी.यू. व्याख्यात्याला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी आणि सोबत बी.एड. लागतं. नुसतं बी.एस्सी., बी.एड. असेल तर हायस्कूलसाठी अर्ज करावा; पी.यू.ची जाहिरात असेल तर वेळ फुकट जातो. सीमेपलीकडच्या कनिष्ठ महाविद्यालयातही एम.एस्सी. आणि बी.एड. हीच जोडी विचारतात. के-सेट ही कर्नाटकाची व्याख्याता पात्रता परीक्षा पदवी कॉलेजसाठी असते. ती पास असाल तर एका ओळीत लिहा, पण पी.यू.साठी तोच आपला हुकमी एक्का आहे असं समजू नका.

जाहिरातीत बघायच्या गोष्टी दोनच. एक, जागा सायन्सच्या गणिताची आहे की कॉमर्सच्या बेसिक मॅथ्सची. दोन्हींचा अभ्यासक्रम वेगळा, मुलंही वेगळी. दुसरी, अर्ज कुणाच्या नावे मागितलाय : प्राचार्यांच्या की संस्थेच्या सेक्रेटरींच्या. आमच्याकडे बऱ्याच संस्थांत नेमणूक संस्था करते आणि मुलाखत प्राचार्य घेतात. जाहिरातीत लिहिलं असेल त्याच नावे पाठवा, दोघांना दोन वेगळी पत्रं धाडू नका.

वही बाहेर काढा

आता मुख्य काम. बी.एड. दोन वर्षांचं झाल्यापासून त्यात शाळेतल्या इंटर्नशिपचे आठवडे बरेच असतात, त्यातले बहुतेक दुसऱ्या वर्षात. त्या काळातल्या पाठ टाचणाच्या वह्या बहुतेकांच्या घरी माळ्यावर पडलेल्या असतात. त्या खाली काढा. पत्र लिहायला बसण्याआधी एक पूर्ण दुपार त्यांच्यासाठी ठेवा.

वहीत बघायचं काय? आपण लिहिलेली उद्दिष्टं बाजूला ठेवा, ती सगळ्यांची सारखीच असतात. मार्गदर्शक प्राध्यापकांचे लाल शाईतले शेरे वाचा. ‘फलक लेखन लहान.’ ‘प्रश्न एकाच बाजूच्या मुलांना विचारले.’ ‘वेळेचे नियोजन चुकले.’ हे शेरे वाचताना आजही वाईट वाटतं, पण पत्राचा जीव तिथंच असतो. ज्या शेऱ्यानंतर पुढच्या पाठात आपण काहीतरी बदललं, तो शेरा आणि तो पुढचा पाठ ही जोडी शोधायची.

एक उदाहरण सांगतो. खानापूर तालुक्यातली एक मुलगी पत्र दाखवायला माझ्याकडे आली होती. मराठी माध्यमातून दहावी, बेळगावात पी.यू. सायन्स, मग एम.एस्सी., बी.एड. पत्रात तेच नेहमीचं वाक्य. मी विचारलं, ‘वही आणलीस?’ तिनं पिशवीतून काढली. उलटत गेलो तर नववीच्या बहुपदीच्या पाठाखाली शेरा होता : ‘चुकीचे कारण शोधले नाही. उत्तर पुसून बरोबर उत्तर लिहिले.’

‘इथं काय झालं होतं गं?’

‘सर, ते नको ना घालायला. तो पाठ बिघडला होता.’

‘म्हणूनच विचारतोय.’

मग ती सांगायला लागली. (x+3)² चा विस्तार करा म्हटल्यावर वर्गातल्या 38 पैकी 21 मुलांनी x² + 9 लिहिलं होतं. तिनं फळ्यावरचं पुसलं, बरोबर सूत्र लिहिलं आणि वहीत पाच वेळा लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तोंडी विचारलं तर तीच चूक पुन्हा आली. त्यात हा शेरा. त्या रात्री विचार करून तिनं पुढचा पाठ वेगळा घेतला. सूत्र सांगितलंच नाही. मुलांना म्हणाली, x च्या जागी 2 ठेवा. डावीकडे पाचचा वर्ग, 25. उजवीकडे 4 अधिक 9, म्हणजे 13. वर्ग गप्प झाला. मग तिनं विचारलं, ‘मधले 12 कुठं गेले?’ आणि जुन्या कॅलेंडरचा कागद कापून केलेला चौरस फळ्यावर चिकटवला. त्याची बाजू x+3. कोपऱ्यात x चा चौरस, समोरच्या कोपऱ्यात 3 चा चौरस, आणि उरले दोन आयत. एका मुलानं पुढं येऊन त्या आयतांवर बोट ठेवलं : दोन तीनं सहा, आणि दोन तीनं सहा. हरवलेले 12 सापडले.

आठवड्यानं तिनं (2y+5)² दिलं. या वेळी 9 मुलं चुकली. पण त्या 9 पैकी 6 जणांनी मधलं 20y बरोबर लिहिलं होतं. त्यांचं चुकलं ते सुरुवातीला, 4y² च्या जागी 2y² लिहिलं होतं. म्हणजे पहिली चूक गेली होती आणि तिच्या आड लपलेली दुसरी वर आली होती. हे तिनं वहीच्या समासात लिहून ठेवलं होतं. पत्रात मात्र यातला एक शब्दही नव्हता.

तुमच्या वहीत असा पाठ शोधताना पाच गोष्टी मिळतात का बघा : इयत्ता आणि घटक, मुलांनी नेमकं काय चुकीचं लिहिलं, आपण आधी काय केलं आणि ते का फसलं, मग काय बदललं, आणि बदल झाला हे कशावरून कळलं. शेवटची गोष्ट मिळत नसेल तर दुसरा पाठ घ्या. आकडे वहीत असतील तरच लिहा. नसतील तर ‘वर्गातल्या बऱ्याच मुलांनी’ एवढं पुरे. बनवलेला आकडा मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडा पडतो. ‘बाकीच्या नऊ जणांचं काय झालं?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि ज्यानं तो वर्ग खरोखर घेतलाय त्याच्याकडेच उत्तर असतं.

नववीपासून पी.यू.पर्यंतचा रस्ता

पाठ सापडला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे तीच चूक पी.यू.च्या वर्गात कुठं भेटते ते दाखवणं. यासाठी पी.यू.ची पुस्तकं समोर हवीत. कर्नाटकात पी.यू. सायन्सला एन.सी.ई.आर.टी.चीच गणिताची पुस्तकं आहेत, त्यामुळे ती सहज मिळतात.

त्या मुलीला मी पहिल्या वर्षाचं पुस्तक दिलं आणि म्हटलं, तुझी (x+3)² ची चूक यात शोध. पंधरा मिनिटांत तिला त्रिकोणमितीत सापडली. मुलं sin(A+B) = sin A + sin B असं लिहितात. रोग तोच. कंसातल्या बेरजेवर बाहेरची क्रिया सरळ वाटून टाकायची सवय. आणि उपायही तोच चालतो : किंमत ठेवून बघा. A = 30° आणि B = 60° घ्या. डावीकडे sin 90°, म्हणजे 1. उजवीकडे 0.5 अधिक 0.866, म्हणजे 1.366. आणि साइनची किंमत एकच्या वर जातच नाही, हे त्याच मुलांनी आधी शिकलेलं असतं. इथं नुसती चूक कळत नाही, ती अशक्य आहे हेही कळतं.

त्याच पुस्तकात पुढं डेरिव्हेटिव्हच्या घटकात ती पुन्हा भेटली, या वेळी गुणाकाराच्या वेशात. दोन फंक्शनच्या गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्यांच्या डेरिव्हेटिव्हचा गुणाकार, असं मुलं धरून चालतात. u = x आणि v = x घ्या. गुणाकार x², त्याचं डेरिव्हेटिव्ह 2x. मुलांच्या नियमानं मात्र 1 × 1 = 1. दोन ओळींत नियम कोसळतो, आणि मग प्रॉडक्ट रूल सांगितला की तो कानात शिरतो. इथंही तिचा कागदाचा चौरस कामाला येतो. u आणि v बाजूंचा आयत काढून दोन्ही बाजू थोड्या थोड्या वाढवल्या की वाढलेल्या भागात दोन पट्ट्या दिसतात. त्याच दोन पट्ट्या म्हणजे सूत्रातली दोन पदं. कोपऱ्यात एक इवलासा तुकडा उरतो. बाजूंची वाढ शून्याकडे जाताना तो पट्ट्यांच्या मानानं नाहीसा होतो, आणि लिमिटचा विषय तिथंच हाताला लागतो.

एवढं सगळं पत्रात घालायचं नाही. पत्रात दोन वाक्यं पुरतात : ही सवय पुढं sin(A+B) मध्ये आणि प्रॉडक्ट रूलमध्ये दिसते, आणि तिथं मी हीच पद्धत वापरेन. पण ती दोन वाक्यं वाचली की गणित शिकवणारा माणूस खुर्चीत पुढं सरकून बसतो, कारण दर वर्षी जून-जुलैत तो याच चुकीशी झगडत असतो.

प्रत्येकाचा पाठ हाच असेल असं नाही. आठवीत अपूर्णांक शिकवले असतील तर शून्यानं भागण्याचा गोंधळ पुढं लिमिटमध्ये भेटतो. 0/0 दिसलं की कुणी उत्तर शून्य लिहितो, कुणी एक लिहितो. दहावीत एकसामयिक समीकरणं घेतली असतील तर धागा मॅट्रिक्सपर्यंत जातो. भूमितीची सिद्धता घेतली असेल तर ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ यांची अदलाबदल पुढं रिलेशन्स आणि फंक्शन्सच्या सिद्धतांत दिसते. रस्ता शोधायला एखादी संध्याकाळ द्यावी लागते, एवढंच. ज्याला रस्ता सापडत नाही त्यानं पी.यू.चं पुस्तक अलीकडे उघडलेलं नाही असं समजायचं, आणि ते आधी उघडायचं.

भाषेची ओळ

‘मराठी, कन्नड, हिंदी व इंग्रजी भाषा अवगत’ ही ओळ आमच्या भागातल्या प्रत्येक अर्जात असते. सीमाभागात ही खरोखरची ताकद आहे आणि आपण ती अशी एका ओळीत वाया घालवतो.

इथली अडचण ठाऊक असलेलीच आहे. खानापूरच्या एखाद्या गावातली मुलगी दहावीपर्यंत मराठीत गणित शिकते, तिच्या शेजारच्या बाकावर बसलेला मुलगा कन्नडमधून शिकून आलेला असतो, आणि पी.यू. सायन्सला दोघांपुढं सगळं इंग्रजीत येतं. पहिलाच घटक सेट्स. मराठीवाली त्याला ‘संच’ म्हणून ओळखते, कन्नडवाला ‘गण’ म्हणून. काटकोन त्रिकोणाची सर्वांत मोठी बाजू मराठीत ‘कर्ण’, कन्नडमध्ये ‘विकर्ण’, आणि मास्तर फळ्यावर म्हणतात ‘हायपोटेन्यूज’. बेरजेला कन्नडमध्ये ‘मोत्त’ म्हणतात. कल्पना दोघांनाही येते, शब्द अडतो. पहिल्या दोन महिन्यांत शब्दानं अडलेली मुलं आपल्याला गणितच येत नाही असं धरून बसतात, आणि काही जण सायन्स सोडून जातात. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि अजूनही मनाला लागतं.

म्हणून भाषांची यादी देऊ नका, भाषेनं काय काम कराल ते लिहा. उदाहरणार्थ : ‘तासाचे माध्यम इंग्रजीच ठेवून पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला आठ-दहा संज्ञांची इंग्रजी-मराठी-कन्नड यादी फळ्याच्या एका कडेला ठेवीन.’ हे वाक्य लिहिण्याआधी कन्नड शब्द कन्नड पाठ्यपुस्तकातून तपासून घ्या. कन्नड बोलता येत असेल पण वाचता येत नसेल तर तसंच लिहा. संस्थेला ते चालतं. मुलाखतीत कन्नड उतारा पुढं आल्यावर गडबडलेलं चालत नाही.

पत्र

आता पूर्ण पत्र. इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजला ते शेवटी इंग्रजीतच जाईल, सरकारी कॉलेजला बहुधा कन्नडमध्ये, मराठी संस्थेला किंवा चंदगड-गडहिंग्लजकडे मराठीत. पण आधी मराठीत लिहून काढा. आपण ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत पाठ नीट सांगता आला तरच तो दुसऱ्या भाषेत नीट जातो. इंग्रजी करताना सराव पाठाला ‘प्रॅक्टिस टीचिंग’ आणि पाठ टाचणाला ‘लेसन प्लॅन’ म्हणा. कन्नड मसुदा मात्र कन्नड शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकांना दाखवल्याशिवाय पाठवू नका.

त्या मुलीचं पत्र तीन खेपांनंतर असं झालं. नावं आणि पत्ते काढून देतो.

> प्रति,
> मा. प्राचार्य,
> ……… पदवीपूर्व महाविद्यालय, बेळगाव
>
> विषय : गणित व्याख्याता पदासाठी अर्ज
> संदर्भ : दि. ……… ची वर्तमानपत्रातील जाहिरात
>
> महोदय,
>
> आपल्या महाविद्यालयातील गणित व्याख्याता पदासाठी मी अर्ज करीत आहे. मी गणित विषयात एम.एस्सी. (…… टक्के) व बी.एड. (…… टक्के) पूर्ण केले आहे. बी.एड.च्या इंटर्नशिपमध्ये मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवी व नववीला गणित शिकवले.
>
> त्यातील एका पाठाविषयी लिहिते. नववीत (x+3)² चा विस्तार 38 पैकी 21 विद्यार्थ्यांनी x² + 9 असा केला. मी प्रथम बरोबर सूत्र लिहून दिले. दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा झाली, आणि चुकीचे कारण शोधले नाही असा शेरा मार्गदर्शकांनी दिला. पुढील पाठात मी विद्यार्थ्यांना x = 2 घेऊन दोन्ही बाजू तपासायला सांगितल्या आणि कागदी चौरसावर सुटलेले दोन आयत शोधून घेतले. आठवड्यानंतर (2y+5)² च्या उदाहरणात 9 विद्यार्थी चुकले. त्यांपैकी 6 जणांचे मधले पद बरोबर होते, चूक पहिल्या पदात होती. तिच्यासाठी मी पुढील तासाला वेगळा सराव घेतला.
>
> कंसातील बेरजेवर क्रिया वाटून टाकण्याची ही सवय पी.यू. प्रथम वर्षात आधी sin(A+B) मध्ये आणि पुढे गुणाकाराच्या डेरिव्हेटिव्हमध्ये दिसते. तेथेही सूत्र देण्याआधी किंमत ठेवून नियम तपासायला लावणे, ही पद्धत मी वापरू इच्छिते. पी.यू. वर्गाला शिकवण्याचा अनुभव मला अद्याप नाही. दोन्ही वर्षांच्या पाठ्यपुस्तकांतील सर्व उदाहरणे मी या वर्षी स्वतः सोडवली आहेत.
>
> मी स्वतः मराठी माध्यमातून पी.यू. सायन्सला आले. तासाचे माध्यम इंग्रजी ठेवून, सुरुवातीच्या दोन महिन्यांत प्रत्येक घटकाच्या संज्ञा इंग्रजी, मराठी व कन्नडमध्ये शेजारी शेजारी देण्याची माझी तयारी आहे. मला कन्नड बोलता व वाचता येते.
>
> आपण सांगाल त्या घटकावर पाठ घेऊन दाखविण्यास मी तयार आहे. वर उल्लेखिलेल्या पाठाचे टाचण सोबत जोडले आहे.
>
> आपली विश्वासू,
> ………

छापल्यावर हे पत्र एका पानात बसतं, आणि एकाच पानात बसवायचं. शिक्षणाच्या पायऱ्या, सेमिनार, प्रमाणपत्रं हे सगळं सोबतच्या माहितीपत्रकात जातं, त्याची पुनरावृत्ती इथं नको.

‘पी.यू. वर्गाला शिकवण्याचा अनुभव अद्याप नाही’ हे वाक्य काढून टाकायला ती फार हटून बसली होती. मी ठेवायला लावलं. नसलेला अनुभव वाचणाऱ्याला माहितीपत्रकात दिसतोच. तो आपणच सांगितला आणि लगेच पुढं आपण काय केलंय ते सांगितलं, की बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो. मात्र ‘सर्व उदाहरणे सोडवली’ हे तिनं खरंच केलं होतं. केलं नसेल तर लिहू नका. ‘पहिल्या वर्षाची सोडवली आहेत, दुसऱ्या वर्षाची चालू आहेत’ हेही चांगलं वाक्य आहे.

जिथं पत्र बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते शिकवणीच्या उल्लेखात. आमच्याकडे बहुतेकांनी एम.एस्सी. करता करता शिकवण्या घेतलेल्या असतात, आणि तो अनुभव खरा असतो. पण ‘तीन वर्षांचा अध्यापन अनुभव’ असं मोघम लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं शाळेत शिकवलंय, आणि मुलाखतीत खुलासा करताना चेहरा पडतो. सरळ लिहा : घरी शिकवणी, कुठल्या इयत्तेची, किती मुलं, किती महिने. पी.यू.च्या मुलांना शिकवलं असेल तर ते नववीच्या सराव पाठाइतकंच मोलाचं आहे आणि पत्रात त्याला जागा द्या. कॉलेजच्याच मुलांची शिकवणी अनेक संस्थांना चालत नाही, त्यामुळे ‘नेमणूक झाल्यावर शिकवणी बंद करीन’ असं ठरवलं असेल तर एका वाक्यात सांगून टाका.

दुसरं, बी.एड.च्या शेवटच्या निकालाची वाट बघत असाल तर ‘निकाल प्रतीक्षेत’ असं स्पष्ट लिहा, आणि परीक्षा कधी झाली तेही लिहा. आधीच्या सेमिस्टरचे गुण द्या.

तिसरं, पद्धतींची नावं. ‘विद्यार्थिकेंद्रित’, ‘कृतियुक्त’, ‘उद्गामी-अवगामी पद्धतीचा अवलंब करून’ असे शब्द पत्रात नकोत. ते आपण बी.एड.च्या पेपरात लिहून झालेत. कागदाचा चौरस आणि हरवलेले 12 सांगितले की वाचणारा स्वतःच म्हणतो, ही उद्गामी पद्धत.

चाचण्या काढण्याचा आणि तपासण्याचा अनुभव असेल तर तो मात्र जरूर लिहा. आता पी.यू.च्या गणितात 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत, त्यामुळे चाचण्या, तपासणी आणि नोंदी यांचं काम वाढलंय. ‘इंटर्नशिपमध्ये दोन घटक चाचण्या काढून तपासल्या आणि चुकांची वर्गवारी करून ठेवली’ एवढी एक ओळ प्राचार्यांच्या नजरेत भरते.

पाठवल्यानंतर

सोबत सगळी वही जोडू नका. ज्या पाठाबद्दल लिहिलंय त्याच पाठाच्या टाचणाची दोन-तीन पानं, शेऱ्यासकट, झेरॉक्स काढून लावा. शेरा झाकू नका. मुलांच्या वहीचं पान लावणार असाल तर मुलाचं आणि शाळेचं नाव काढून टाका.

आणि त्याच दिवसापासून डेमो लेक्चरची तयारी सुरू करा, कारण असं पत्र लिहिलं की समितीला तोच धागा ओढावासा वाटतो. त्या मुलीला मुलाखतीत sin(A+B) घ्यायला सांगितलं, पंधरा मिनिटांत. समोर मुलं नव्हती, चार मोठी माणसं होती. तिनं सूत्र लिहिलं नाही. फळ्यावर चुकीचंच समीकरण लिहून ‘हे बरोबर आहे का, तपासून बघा’ असं म्हणून खडू एका सरांच्या हातात दिला. सर उठले, 30 आणि 60 ठेवून बघितलं, आणि 1.366 लिहून थांबले. सूत्राची सिद्धता पूर्ण करायला तिला वेळ पुरला नाही. तिला ते लागून राहिलं होतं, पण समितीतल्या कुणीही त्याबद्दल विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते कागदाच्या चौरसाबद्दल. तो तिनं पर्समध्ये घडी घालून आणला होता, त्याच कॅलेंडरच्या कागदाचा. जूनमध्ये ती त्या कॉलेजात रुजू झाली.